सात वाजले, हिरो अजून कराडला: पहिल्या दिवसाच्या दिग्दर्शकासाठी

पहिल्या शूटिंगच्या सकाळी हिरो उशिरा येणार, असं धरूनच आदल्या रात्री झोपा. आला वेळेवर तर उत्तम. माझा आला नव्हता, आणि मी तसं काहीच धरलेलं नव्हतं. त्या सकाळी मी काय चुकलो, माझ्या चीफ असिस्टंटनं काय वाचवलं आणि कुठल्या क्रमानं, ते इथं सविस्तर सांगतो. तुमचा सीन वेगळा असेल, पण क्रम बहुतेक हाच लागेल.

डिसेंबरचा महिना, कोल्हापूर, मंगळवार पेठेतला एक जुना दुमजली वाडा. युनिटचा कॉल सहाचा, हिरोचा मेकअपसाठी साडेसहाचा, पहिला शॉट साडेसातला. त्या दिवसांत इथं सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे साडेसातला चौकात छान मऊ उजेड असतो. सगळं कागदावर जमलेलं. नारळ फुटला, पेढे वाटले, आईचं काम करणाऱ्या बाई नऊवारी नेसून तयार बसल्या. हिरो पुण्याहून येणार होता, आदल्या रात्री त्याचं दुसरीकडं काम होतं. सात वाजता त्याचा मेसेज आला: ‘निघालोय.’

मी सगळ्यांना सांगून टाकलं, ‘अर्ध्या तासात येतोय.’ ही पहिली चूक.

गाडी कुठं आहे ते विचारा, माणूस कुठं आहे ते नको

‘निघालोय’, ‘पोचतोच आहे’, ‘रस्त्यात आहे’ या शब्दांवरून वेळ काढता येत नाही. आमचे चीफ साठीचे, कोल्हापूरचेच. त्यांनी माझ्या हातातला फोन खाली ठेवायला लावला आणि प्रॉडक्शनवाल्याला म्हणाले, ‘हिरोला लावू नगंस, ड्रायव्हरला लाव. आन कुठं हाय म्हणून इचारू नको, मागं काय टाकलं ते इचार.’

यात शहाणपण आहे. ‘कुठं आहात’ म्हटलं की माणूस थोडं पुढचं गाव सांगतो. ‘मागं काय टाकलं’ म्हटलं की खरं सांगावं लागतं. पुण्याहून कोल्हापूरला येताना कराड, मग पेठ नाका, मग किणी टोलनाका, मग शिरोली आणि तावडे हॉटेल, असा क्रम आहे. ड्रायव्हर म्हणाला, कराड आत्ताच मागं पडलं. घड्याळात ७ वाजून १० मिनिटं. कराड ते कोल्हापूर ७०-७५ किलोमीटर, आणि हायवेच्या रुंदीकरणामुळं जागोजाग वळसे. चीफनी नऊचा हिशोब धरला. मी मनात साडेसात धरला होता, तो मुकाट्यानं खोडला.

आणखी एक. हा फोन दिग्दर्शकानं करायचा नाही. तुम्ही केलात तर एक तर आवाज चढतो किंवा तुम्ही उगाच ‘काही हरकत नाही, या सावकाश’ म्हणून बसता. दोन्ही दिवसभर महागात पडतं.

आला म्हणजे तयार झाला नाही

नवख्याला हे सुचत नाही. गाडी दारात थांबली की शॉट सुरू, असं त्याच्या डोक्यात असतं. गाडीतून उतरलेला माणूस आधी तोंड धुणार, चहा घेणार, मग केस, मेकअप, कपडे. आमच्या सीनमध्ये मुलगा आठ वर्षांनी घरी येतो, दाढी वाढलेली, शर्ट मळलेला. ‘साधा’ लुक, पण साधा दिसायलाही पाऊण तास लागतोच. त्यावर जागा समजून घेऊन एक-दोन तालमी. नऊला गाडी आली तर दहाच्या आत कॅमेऱ्यासमोर नाही, आणि पहिला शॉट सव्वादहाला, असा तो हिशोब झाला.

म्हणजे उशीर अर्ध्या तासाचा नव्हता. जवळजवळ पावणेतीन तासांचा होता. हा आकडा आधी स्वतःला सांगा, कारण अर्ध्या अर्ध्या तासाची वाट बघत राहिलात तर प्रत्येक वेळी ‘आता येईलच, नवीन सेटअप कशाला लावा’ असं वाटतं. लाइटमन उभे, फोकस पुलर मोबाइलवर, जनरेटर चालू, आणि सकाळ गेलेली. पावणेतीन तास आहेत म्हटलं की त्यात काय बसेल ते दिसायला लागतं.

यादीची दोन भागांत वाटणी

खरं तर ही आदल्या रात्री करायची. आम्ही सकाळी सव्वासातला पायरीवर बसून केली. सीनमध्ये ९ शॉट होते. ओसरीवरून सगळा चौक दिसेल असा मास्टर, त्यात मुलगा दारातून येतो आणि आईला बघून थांबतो. त्याची पावलं उंबरा ओलांडतात तो शॉट. सुपात तांदूळ निवडणारे आईचे हात. कडी वाजल्यावर आई वर बघते तो मिड. आईचा क्लोजअप, ज्यात ती म्हणते, ‘जेवलास का?’ मुलाचा क्लोजअप. त्याच्या खांद्यावरून आईवर आणि आईच्या खांद्यावरून त्याच्यावर असे दोन सजेशन. शेवटी दोघं पायरीवर बसलेली.

चीफनी कागदावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला ‘हिरोवाचून’, उजवीकडं ‘हिरोसंगट’. डावीकडं नक्की बसले फक्त दोन शॉट: हात आणि मिड. दोन शॉटांवर पावणेतीन तास निघत नाहीत. मग त्यांनी पान उलटून पुढचा सीन बघितला. आई आणि शेजारीण मागच्या दारी बोलतात, दीड पानाचा. शेजारणीचं काम करणाऱ्या बाई कोल्हापुरातल्याच, नाटकात काम करणाऱ्या, राहायला राजारामपुरीत. त्यांचा कॉल अकराचा होता. फोन केला, ‘ताई, आत्ताच आला तर बरं होईल.’ रिक्षानं पंचवीस मिनिटांत आल्या, केसाला तेल लावूनच.

कोल्हापुरात शूटिंग करण्याचा हा फायदा आहे. १९२९ साली प्रभात याच गावात सुरू झाली. पुढं १९३३ ला कंपनी पुण्याला गेली, पण गावाची सवय गेली नाही. घरटी नाही म्हणणार, पण गल्लीत एखादा तरी सिनेमात काम केलेला माणूस सापडतो. आमच्या चहावाल्यानं सकाळी कप देताना विचारलं होतं, ‘मास्टर लावला का न्हाई अजून?’ मला घाम फुटला होता, त्याला मजा वाटत होती.

तुम्ही कॉल शीट बनवताना एवढं बघा: पहिल्या दिवशी पहिल्या सीनला लागूनच असा एक सीन ठेवा ज्यात बाहेरगावचा कलाकार नाही आणि जो त्याच जागी होतो. त्याचे कपडे, वस्तू सकाळीच सेटवर हव्यात. आमच्या शेजारणीचं लुगडं सुदैवानं त्याच पेटीत होतं. ते दुपारच्या टेम्पोतून येणार असतं तर बाई लवकर येऊनही काही उपयोग नव्हता.

ऊन कुठं जाणार ते आधी बघा

हिरोवाचून शॉट घेताना सगळ्यात जास्त घोळ उन्हाचा होतो. आईचा शॉट आठला घेतला आणि तिच्याकडं बघणाऱ्या मुलाचा अकराला, तर मधल्या तीन तासांत चौकातलं ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलेलं असतं. एडिटला दोन शॉट शेजारी आले की एका वाक्यात सकाळ आणि दुसऱ्यात दुपार. रंग जुळवणारा माणूस थोडंफार सावरतो, पण आईच्या गालावर पडलेलं ऊन त्याला पुसता येत नाही.

मी आईला पश्चिमेच्या पडवीत बसवलं होतं, कारण मागचा नक्षीचा खांब मला आवडला होता. कॅमेरामननं वर बघितलं आणि विचारलं, ‘साडेनऊला इथं काय होईल?’ पश्चिमेची पडवी पूर्वेला तोंड करून असते. दुमजली वाड्यात ऊन तिथं उशिरा पोचतं, पण पोचतं ते सरळ तोंडावर. म्हणजे आठला सावलीत घेतलेला मिड आणि साडेदहाला घ्यायचा क्लोजअप कधीच जुळला नसता.

त्यानं आईला दक्षिणेच्या पडवीत हलवलं. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडं झुकलेला असतो, त्यामुळं चौकाच्या दक्षिण बाजूची, उत्तरेला तोंड असलेली पडवी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावलीतच राहते. तिथला उजेड वाढतो-कमी होतो, पण दिशा बदलत नाही. एक थर्माकोल धरला की आठचा आणि अकराचा शॉट शेजारी बसतो. उलट मुलगा चौकात उभा, त्याच्यावर ऊन पडणार आणि ते सरकत राहणार. पण त्याचे सगळे शॉट तो आल्यावर एका दमात होणार होते, म्हणून ते आपापसात जुळणार होते. आई सावलीत, मुलगा उन्हात. दिसायलाही ते बरंच झालं. नक्षीचा खांब गेला, आणि त्याचं मला दोन दिवस वाईट वाटलं, हेही सांगून टाकतो.

तुमच्या जागेवर हे कसं कळणार? रेकीच्या दिवशी त्याच वेळांना, सात, नऊ, अकरा आणि एकला, एकाच कोपऱ्यातून मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा. आम्ही रेकी दुपारी चारला केली होती. चारच्या उन्हाचा सकाळच्या शूटिंगला काय उपयोग!

समोर नसलेल्या माणसाकडं बघायचं कसं

आई मिडमध्ये वर बघते, पण समोर कोणीच नाही. मी म्हणालो, ‘बाई, समोर बघा, तो आलाय असं समजा.’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘समजते हो, पण किती उंचीवर समजू?’

चीफनी मुलगा उभा राहणार त्या जागी एक लाइटचा स्टँड लावला. हिरोची उंची कपडेवाल्याच्या वहीत होती, ५ फूट १० इंच. डोळे त्याच्या चार-साडेचार इंच खाली. म्हणून ५ फूट ६ इंचांवर लाल टेपची चिकटपट्टी. मग आई बसलेली जागा आणि स्टँड यांच्यामध्ये खडूनं एक रेघ ओढली आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला राहील असं ठरवलं. पुढं हिरोचे शॉट घेताना कॅमेरा रेघेपलीकडं गेला असता तर दोघं एकमेकांकडं न बघता एकाच दिशेला बघतायत असं दिसलं असतं. चौक मोकळा असला की ही चूक सहज होते, कारण अडवायला भिंत नसते. खडू पुसला जाऊ नये म्हणून त्यावर विटेचे तुकडे ठेवले.

वहीत त्याच वेळी लिहून घेतलं: ५० ची लेन्स, कॅमेऱ्याची उंची साडेतीन फूट, आईपासून अंतर सात फूट, वेळ ८ वाजून ५ मिनिटं. नंतर मुलाचा उलटा शॉट घेताना लेन्स तीच आणि अंतर तेवढंच ठेवलं, म्हणून दोघं पडद्यावर सारख्याच आकाराची दिसली. हे लिहायचं काम असिस्टंटचं, पण पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः विचारून घ्या.

क्यू कुणी द्यायचा? दिग्दर्शकानं नको. मी दिला तेव्हा मी हिरोचं वाक्य इतक्या भावनेनं वाचलं की बाईंना हसू आवरेना. मग एका असिस्टंट मुलीनं सरळ, कोरडं वाचलं आणि ते जमलं. मात्र हिरो कुठं थांबेल, किती थांबेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून प्रत्येक टेकच्या शेवटी ‘कट’ न म्हणता पंधरा सेकंद जादा घेतले, आई नुसती बघतेय. एडिटला तेच उपयोगी पडलं, कारण हिरोनं प्रत्यक्षात ‘आई’ म्हणायच्या आधी चांगलाच दम घेतला.

आता एक न घेतलेला शॉट. ‘जेवलास का?’ हा क्लोजअपही लगेच उरकून टाकू, असं मी सुचवलं. जागा लागलेली, लाइट लागलेला, स्टँड उभा. बाई म्हणाल्या, ‘हे तेवढं नको. पोरगा दिसल्याबगर माझ्या तोंडातनं ते यायचं नाही. टेपाला काय जेवलास का म्हणू?’ चीफ माझ्याकडं बघून नुसते हसले. हिरोवाचूनच्या यादीत एखादा शॉट तांत्रिकदृष्ट्या बसतो म्हणून घेऊ नका. ज्या शॉटवर सीन उभा आहे तो कलाकाराकडून एकदाच नीट येतो. समोर माणूस नसताना खर्च झाला तर दहाला मागून परत मिळत नाही.

आणि एक घेतलेला शॉट, जो घ्यायला नको होता. उंबऱ्यावरची पावलं. हिरोचे कपडे सेटवर होते, चपला होत्या, एका स्पॉट दादाचा पाय त्याच मापाचा. मी म्हणालो, पावलांत काय कळतंय? घेतला, दोन टेक. दादा उजवा पाय आधी टाकून आत आला. दहानंतर मास्टरमध्ये हिरो सहजपणे डावा पाय आधी टाकून आला, आणि जरा पाय ओढत, कारण त्यानं भूमिकेसाठी तशी चाल बसवली होती. तो शॉट फेकून दिला. डुप्लिकेट चालतो, पण मास्टर झाल्यानंतर. मास्टरमध्ये काय झालं ते बघून त्याची नक्कल करायची असते. आधी नक्कल, मग मूळ, हे जमत नाही.

मधल्या वेळात

साउंड रेकॉर्डिस्टला दहा मिनिटं द्या. सगळ्यांना गप्प बसवून वाड्याची नुसती शांतता एक मिनिट, कडीचा आवाज, सुपातल्या तांदळाचा आवाज. दिवसा नंतर गल्ली जागी झाली की हे मिळत नाही.

नाश्ता ठरलेल्या वेळीच द्या. हिरो आल्यावर सगळे एकदम खाऊ, असं प्रॉडक्शनवाला म्हणेल, पैसे वाचतात म्हणून. त्याला ‘हो’ म्हणू नका. उपाशी युनिटला उशीर दुप्पट वाटतो, आणि तो राग हिरोवर नाही, तुमच्यावर निघतो. आमच्याकडं साडेआठला मिसळ आली आणि सेटवरची कुजबुज तेवढ्यापुरती थांबली.

निर्माता आला तर त्याला ‘हिरो कधी येणार’ याचं उत्तर देत बसू नका, आत्तापर्यंत काय झालं ते दाखवा. आमचा निर्माता नऊला आला तेव्हा आईचे दोन शॉट झालेले होते आणि मागच्या दारी शेजारणीची तालीम चालू होती. त्यानं हिरोबद्दल विचारलं, पण जरा उशिरानं.

तो आल्यावर

९ वाजून ५ मिनिटांनी गाडी आली. मी सात वाजल्यापासून मनात एक भाषण रचलं होतं. तो उतरला, डोळे लाल, खाली मान घालून म्हणाला, ‘सॉरी सर.’ माझ्या तोंडून भाषण निघायच्या आत चीफ मध्ये आले आणि त्याला मेकअप रूमकडं घेऊन गेले. जाता जाता मला म्हणाले, ‘बोलायचं त्ये पॅक-अपनंतर. आत्ता तोंड उघडलासा तर क्लोजअपात दिसंल.’

त्यांचं खरं होतं. ज्या माणसाला तासाभरात आठ वर्षांनी आईला भेटायचं आहे, त्याला आत्ता चारचौघांत ओशाळा करून काय मिळणार? उशिराचा हिशोब प्रॉडक्शननं लिहून ठेवायचा, तासांसकट, आणि बोलणं संध्याकाळी, दार लावून.

मेकअप चालू असताना मी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. आईची बाजू अर्धी झाली आहे. तुझा पहिला शॉट फक्त आत येऊन थांबायचा, बोलायचं काही नाही. पिशवी डाव्या हातात. त्याचे पहिले संवाद मुद्दाम तिसऱ्या शॉटवर ढकलले. चार-साडेचार तास गाडीत बसून आलेल्या माणसाचं अंग आखडलेलं असतं, आवाज बसलेला असतो. आत येऊन थांबण्यात ते मोकळं होतं. आणि मास्टर आधी झाला की पाय, पिशवीचा हात, शर्टाची बटणं, सगळं ठरून जातं, बाकीचे शॉट त्याला जुळवत जायचं.

मधल्या वेळात शेजारणीचा सीन निम्मा झाला होता. तो तिथंच, वाक्य संपल्यावर थांबवला, अर्ध्या वाक्यात नाही, म्हणजे दुपारी पुन्हा सुरू करताना जोड लागणार नव्हता. १० वाजून २० मिनिटांनी मास्टर लागला. दुसरा टेक ओके. मग त्याच्या खांद्यावरून आईवर सजेशन. मग त्याचा क्लोजअप, कारण उन्हाचा पट्टा सरकत होता आणि त्याच्या बाजूला घाई होती. आईची बाजू सावलीत होती, तिला घाई नव्हती. सगळ्यात शेवटी, बारा वाजायला आले असताना, बाईंचा क्लोजअप. हिरो स्वतः कॅमेऱ्याच्या बाजूला, टेप लावलेल्या जागी उभा राहिला. आपलं काम झाल्यावर तो सावलीत जाऊन बसू शकला असता, पण बसला नाही. ‘जेवलास का?’ पहिल्याच टेकला आलं. कॅमेरामननं फोकस बघून दुसरा मागितला नाही.

एक वाजता जेवणाची सुट्टी झाली तेव्हा नऊपैकी सात शॉट झाले होते. राहिली पावलं आणि पायरीवरचे दोघं. पावलं जेवणानंतर पाच मिनिटांत घेतली, डावा पाय आधी. पायरीचा शॉट उन्हामुळं दुसऱ्या दिवशी सकाळवर टाकला.

त्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची कॉल शीट चीफनी माझ्याकडून लिहून घेतली. आई आणि शेजारणीचं उरलेलं काम, सहाचा कॉल. हिरो, नऊचा कॉल, त्याचा पहिला शॉट दहाला, पायरीवर. मी विचारलं, ‘उद्या तो कोल्हापुरातच मुक्कामाला आहे, मग नऊचा कशाला?’ ते म्हणाले, ‘मुक्कामाला हाय म्हंजे उठलाय असं न्हाई.’